कद, काकू आणि क्लोजअप

माझं चिपळूणला फॉल-पिकोचं छोटंसं दुकान आहे, ब्लाउजही शिवते, आणि एवढ्या भांडवलावर आमच्या सगळ्या नातेवाईकांनी मला कापडाची डॉक्टर करून टाकलंय. डॉक्टरला निदान पेशंट तरी समोर दिसतो. मला फोटो येतात. साडीचा फोटो, चादरीचा फोटो, एकदा तर नवऱ्याने अंगात घातलेल्या शर्टाचा फोटो, नवऱ्याच्या पोटासकट, आणि खाली प्रश्न: "कॉटन आहे ना गं? दुकानदार म्हणाला कॉटन."

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी मावशीने जुन्या शालीचा फोटो पाठवला होता, भोकं पडलेली, आणि मी नुसत्या फोटोवरून सांगितलं की शाल खरी लोकरीची आहे. सगळे चाट पडले. खरं तर त्यात माझी काही हुशारी नव्हती. कसर लोकर आणि रेशीम आवडीने खाते, कारण ते प्राण्याचं असतं, आणि अ‍ॅक्रिलिकच्या शालीकडे ती सहसा ढुंकून बघत नाही, त्या शालीला नुसत्या गोळ्या येतात. तिथे तज्ज्ञ कसर होती, मी फक्त तिचा रिपोर्ट वाचून दाखवला. पण नाव माझं झालं.

तर गेल्या वर्षी गणपतीला आठ दिवस असताना गुहागरहून काकूचा फोन. माळ्यावरची ट्रंक उघडली, आतला कद काढला (कद म्हणजे पूजेला नेसायचं सोवळ्याचं रेशमी वस्त्र, नव्या पोरांसाठी सांगते), आणि पुण्याहून आलेला पुतण्या तो हातात घेऊन म्हणाला, "काकू, हे तर पॉलिएस्टर वाटतंय." झालं! आमच्या घरात गणपतीची पूजा कद नेसूनच होते आणि सोवळ्याला चालतं ते रेशीम, नाहीतर लोकरीची धाबळी. पॉलिएस्टरचं काय करायचं ते कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. काकू म्हणाली, "मामंजींच्या लग्नातला आहे तो, 1938 चा! तेव्हा होतं काय रे तुझं ते पॉलिस्टर?"

इथे काकू शंभर टक्के बरोबर होती. पॉलिएस्टरचा धागाच मुळी 1941 साली इंग्लंडमध्ये शोधला गेला, त्यामुळे 1938 च्या लग्नात तो कुणी नेसणं शक्य नाही. पण पुतण्याला तारखा नको होत्या, पुरावा हवा होता, आणि पुरावा म्हणजे फॅमिली ग्रुपवर माझ्याकडे फोटो.

पहिला फोटो आला त्यात कद होता, दोरी होती, मागे पाऊस होता आणि मांजर होतं. दुसरा फ्लॅश मारून काढलेला. आता फ्लॅश हा कापडाच्या बाबतीत एक नंबरचा खोटारडा. समोरून फाडकन उजेड मारला की इस्त्री केलेली सुती साडीसुद्धा चमकते आणि बाकी जे काही गुळगुळीत असेल ते सगळं एकसारखं पांढरं फटक दिसतं. मी सांगितलं, खिडकीपाशी धर, उजेड बाजूने तिरका पडू दे, म्हणजे धाग्यांच्या सावल्या पडतील, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव म्हणजे मला माप कळेल, आणि मुख्य म्हणजे कापडाची मधली पोटळी नको, कडेचं फाटलेलं दाखव, जिथे दोरे सुटलेत तिथलं. तिसरा फोटो हलला. चौथ्यात नाणं एकदम स्पष्ट आणि कापड धूसर. पाचव्यात कोकणातली ऑगस्टातली दमट हवा लेन्सवर बसलेली, कद धुक्यातून येणाऱ्या एसटीसारखा दिसत होता. सहावा मात्र मस्त आला.

आता लोकांचा एक घोळ असतो. चकचकीत दिसलं की म्हणायचं सॅटिन आहे, म्हणजे सिल्क आहे. अहो सॅटिन ही विणण्याची तऱ्हा आहे, धाग्याची जात नाही. एक धागा चार-पाच धाग्यांच्या वरून उडी मारत जातो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग सपाट होतो आणि चमकतो, मग धागा रेशमाचा असो, पॉलिएस्टरचा असो की सुती असो. म्हणजे वीण बघून धागा ओळखायचा म्हणजे भात कोणत्या भांड्यात शिजलाय ते बघून तांदूळ आंबेमोहोर आहे का सांगण्यासारखं. आमचा कद तर साध्या विणीचा होता, एक वर एक खाली. त्यातून काहीच कळेना.

कळतं ते सुटलेल्या दोऱ्यातून. दिवसभर पिको करून माझ्या मांडीवर जे दोरे जमतात ना, तेच माझं कॉलेज. सुती धागा आखूड तंतूंना पीळ देऊन केलेला असतो, म्हणून त्याच्या अंगावर बारीक लव असते आणि तुटलेलं टोक केसाळ, वातीसारखं दिसतं. लोकर त्याहून केसाळ, शिवाय तंतू कुरळे, विणीच्या रेघासुद्धा लवेखाली दडतात. रेशमाचा तंतू मात्र अखंड लांबच लांब असतो, लव नाही, पीळ थोडाच, टोक सुटलं की मऊ कुंचल्यासारखं पसरतं. आणि घोटाळा इथेच. पॉलिएस्टरही तसाच अखंड लांब धागा काढून करता येतो. फरक एवढाच की त्याचे सुटे दोरे जरा ताठ, उसळी घेणारे असतात. पण फोटोत उसळी कशी दिसणार? त्यातून पॉलिएस्टरच मुद्दाम आखूड कापून सुतासारखं कातलेलं असलं तर तेही केसाळ दिसतं, मग काय बोलायचं.

सहाव्या फोटोत कदाची कड अगदी कुंचला झालेली होती. लव नाही, म्हणजे सुती नाही, लोकर तर नाहीच. 1938 चं, म्हणजे पॉलिएस्टर नाही. राहिलं काय? मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं: रेशीम. काकूने हात जोडल्याचे नऊ इमोजी टाकले. पुतण्याने नुसतं "ओके" लिहिलं, आणि ते "ओके" मला रात्री दोन वाजेपर्यंत टोचत राहिलं.

कारण ती चमक. खिडकीच्या उजेडातही ती जरा जास्तच पांढरी, पत्र्यावरच्या उन्हासारखी थंड होती. रेशमाची झळाळी अशी नसते, त्याचा तंतू साधारण तिकोनी असतो, कापड हललं की उजेड इकडून तिकडे सरकतो आणि रंगात मुरलेला वाटतो. पण एका फोटोत हलणार काय, आणि रंग खरा की मोबाइलने खुलवलेला, देव जाणे. शेवटी दोन दिवसांनी गणपतीचे ब्लाउज अर्धवट टाकून सकाळची एसटी पकडली.

हातात घेतला तर कद गार लागला, आणि जड, पडद्यासारखा खाली लोंबत होता. मी कडेचे तीन दोरे ओढून काढले. पहिला दोरा चिमट्यात धरून समईच्या ज्योतीला लावला. काकू डोळे मिटून उभी. रेशीम असतं तर धागा आक्रसत, सरपटत जळला असता आणि केस जळल्याचा वास सुटला असता, गॅसवर पुढे वाकल्यावर येतो ना, तोच. पॉलिएस्टर असतं तर वितळून काळा कडक मणी झाला असता. यातलं काहीच झालं नाही. भुर्रकन पेटला, मागे लालसर ठिणगी धुमसत राहिली, वास कागद जळल्याचा, आणि राख बोटाला लागताच उडाली.

"सुती?" पुतण्या म्हणाला.

मीही क्षणभर गडबडले. वास सुताचा, रूप रेशमाचं. मग डोक्यात उजेड पडला. दुसरा दोरा घेतला, मधोमध भिजवायला तोंडाकडे नेला, तर काकू ओरडली, "अगो, उष्टं करतेस काय सोवळं!" वाटीत पाणी आणून दिलं. दोऱ्याचा मधला भाग ओला केला, दोन्ही टोकं धरून हळूच ओढला, तर ओल्या जागीच पटकन तुटला. तिसरा कोरडाच ओढला तर त्याला चांगलाच जोर लावावा लागला. सूत ओलं झालं की उलट जास्त घट्ट होतं, म्हणून सुती नाही. ओलं झाल्यावर निम्मी ताकद सोडतं ते रेयॉन! लाकडाचा लगदा विरघळवून त्याचा धागा ओढतात, 1905 पासून इंग्लंडच्या कारखान्यात निघत होतं आणि कृत्रिम रेशीम म्हणूनच विकलं जायचं. चार पर्यायांत मी डोकं फोडत होते आणि उत्तर पाचवं निघालं.

घरात शांतता. पंच्याऐंशी वर्षांहून जास्त आम्ही गणपतीला लाकूड नेसून पुजत होतो. पुतण्या म्हणाला, "म्हणजे टेक्निकली झाडाचं आहे, केळीच्या पानासारखं, आणि रेशमासाठी तर किडे उकळतात." काकूने त्याच्याकडे असं बघितलं की तो सरळ पडवीत जाऊन बसला.

मी कद घडी करायला लागले तर मध्येच एक जुनं रफू दिसलं, बोटभर लांब, फार सुबक.

"हे कसलं गो?"

काकू खाली बसली. 1972 साली लग्न होऊन आल्यावर पहिल्याच गणपतीत तिने कद धुतला आणि धोतरासारखा दोन्ही हातांनी पिळला, तो टरकन फाटला. तेव्हा सासूबाईंनी नियम घालून दिला, कद कधी पिळायचा नाही, नुसता झटकून सावलीत टाकायचा, सोवळ्याचा असतो. पन्नास वर्षं सगळ्या सुनांनी तो पाळला.

"म्हणजे सासूबाईंना माहीत होतं," काकू रफूवरून बोट फिरवत म्हणाली, "आणि मला म्हणाल्या, तुझा हात जड आहे."