परदेशातून : तळमजल्यावरची खोली

‘मी डाव्या पायाला कॅलिपर लावून, कुबडीच्या आधाराने चालते. मला दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली आहे आणि वसतिगृहाला लिफ्ट नाही. तरी मला तळमजल्यावरची खोली मिळावी, ही विनंती.’

हे पत्र माझ्या भाचीचं. अधीक्षकांनी त्यावर पेनाने शेरा मारून परत केलं : ‘अपंगत्व ३५ टक्के. ४० टक्क्यांखाली सवलत नाही.’ ताईने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मी तो इंग्लंडात, लीड्समध्ये सकाळी बसची वाट बघताना वाचला आणि बस चुकवली.

भाऊजी म्हणाले, नियम म्हणजे नियम. चाळीस टक्के लागतातच, मी सरकारी नोकरीत काढलंय आयुष्य. मावशीला वाटलं पोरीचे गुडघे दुखतायत. तिने स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत सांगितली आणि जिना उलटा उतरायचा सल्ला दिला. वकील चुलतभाऊ दुपारपर्यंत गप्प होता. मग लिहिलं, ‘भाऊजी, चाळीस टक्के राखीव जागेसाठी. खोलीसाठी नाही.’

भाऊजींचं अर्धं बरोबर आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांनाच आहे. पण ज्याला ‘वाजवी सोय’ म्हणतात, ती प्रत्येक अपंग व्यक्तीसाठी आहे, टक्के कितीही असोत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात हेच सांगितलं. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक हवा होता. टक्केवारी आडवी आली होती. चुलतभाऊ पुढे म्हणाला, हुरळू नका, शिक्षणसंस्थांविषयीच्या कलमात सरकारने ‘प्रयत्न करावा’ अशी भाषा आहे, तिच्यातून पळवाट काढणारे काढतात.

इथे, माझ्या ऑफिसात, असं पत्र आलं की टक्के कोणी विचारत नाही. मी विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या खोल्यांच्या वाटपात काम करतो. आम्ही विचारतो, किती पायऱ्या, किती वेळा. म्हणून मी भाचीला मोजायला सांगितलं. एका मजल्याला २२ पायऱ्या, दोन मजल्यांच्या ४४. मेसला तीनदा, कॉलेजला एकदा : चार वेळा खाली, चार वेळा वर. दिवसाला ३५२. त्यात उतरणं जास्त वाईट, कारण कॅलिपरमध्ये गुडघा वाकत नाही, सगळा भार कुबडीवर येतो. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलं आणि फरशी ओली असली की ती सटकते. शेऱ्यात टक्के होते. पत्रात ३५२ हा आकडा असता तर शेरा मारणं इतकं सोपं गेलं नसतं.

मग मी इथल्या शहाणपणाने विचारलं, तळमजल्यावर तरी नक्की सोय आहे का? तिने व्हिडिओ पाठवला. दारात तीन पायऱ्या, कठडा नाही. संडास कॉरिडॉरच्या टोकाला, सगळे भारतीय पद्धतीचे, दाराशी उंबरठा, सकाळी धुतलेले. पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर उंची. एकास बारा उताराने रॅम्पला जवळजवळ साडेपाच मीटर लांबी लागते. दारापासून गेटपर्यंत तीनच मीटर आहेत. म्हणजे रॅम्प सरळ नाही, वळवून भिंतीच्या कडेने न्यावा लागेल. कोणी कंत्राटदाराला तीन मीटरमध्ये बसवायला सांगितलं तर घसरगुंडी होईल. म्हणून दुसऱ्या पत्रात खोली, दोन्ही बाजूंना कठडा आणि एका संडासात कमोड व पकडायला दांडा, एवढं मागितलं. रॅम्प नंतर. ‘तळमजल्यावर मुली सुरक्षित नाहीत’ हे उत्तर येणार, असं ताई म्हणते. खिडकीला जाळी लावा, असं तिनेच आधी लिहून टाकलं.

मी हे सगळं जरा मोठ्या आवाजात सांगत होतो. सांगितलं नाही ते हे, की गेल्या वर्षी मीच एका मुलीला तळमजल्याची खोली दिली, दार रुंद, आगीच्या वेळी बाहेर काढायचा आराखडासुद्धा तयार. तिच्या मित्रमैत्रिणींचं किचन तिसऱ्या मजल्यावर होतं. फायर ड्रिल झालं की लिफ्ट बंद, मग ती एकटीच जेवायची. नाताळात घरी गेली ती परत आली नाही. फाइलमध्ये सगळे रकाने बरोबर भरलेले आहेत.

आमच्या हॉस्टेलात असं कोणी एकटं जेवलं नसतं, असंही मी ग्रुपवर लिहिलं. आमच्यातल्या एकाला पोलिओ होता, आम्ही आळीपाळीने त्याला पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढायचो. रोज. माणुसकी होती तेव्हा. चुलतभावाने अंगठा दाखवला, मावशीने हात जोडले.

थोड्या वेळाने भाचीचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

‘मामा, तुमची खोली कुठल्या मजल्यावर होती?’

तळमजल्यावर. मेसला लागून. तीन वर्षं. बदलून मागायला तो कधी आला नाही, आणि मी स्वतःहून विचारलं नाही.

उत्तर अजून लिहिलेलं नाही.