आचमन नाही गं मावशी, ॲसिड आहे ते

रविवारी सकाळी मावशीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीचं मागचं लेबल, त्यातलं अर्धं तिच्या अंगठ्याखाली, आणि खाली मेसेज, "हे आचमन करतायत का रे?"

झूम करून बघितलं तर लाल चौकट तिरकी उभी, आत दोन नळ्या, एकीतून थेंब हातावर पडतायत. मावशीची काही चूक नाही, पळीनं पाणी सोडल्यासारखंच दिसतं ते! तिला फोन करून म्हणलं, अगं तो हात नीट बघ, खाल्लेला दाखवलाय, आणि दुसऱ्या नळीखालचा धातूपण. म्हणजे हे कातडी आणि लोखंड दोन्ही जाळतं, डोळ्यात उडालं तर विचारूच नको. ती म्हणाली बरं, आणि शेजारचा मासा? म्हणजे मासे धुवायला चालतं? तो मेलेला मासा आहे मावशी, वाळक्या झाडाशेजारी पडलाय, नदीनाल्यात ओतू नका म्हणून.

खरी कसोटी पुढच्या ओळीची, 'ब्लीचमध्ये मिसळू नये'. मावशी म्हणे मी कुठं मिसळते, आधी हे टाकते, मग पांढरं होत नाही म्हणून वरनं ब्लीच टाकते! आता कमोडमध्ये ते एकमेकांना ओळख दाखवणार नाहीत का? या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, दोघं भेटले की क्लोरीन गॅस सुटतो. तो हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, आणि आपण नेमके उकिडवे बसून ब्रश घासत असतो, दार बंद, खिडकी वीतभर. ब्लीचिंग पावडर टाकली तरी तेच.

"पण वास आला म्हणजे साफ होतंय ना?" हे आमच्या अख्ख्या घराण्याचं मत आहे. नाही गं, डोळे चुरचुरले, ठसका लागला की तिथं थांबून वरनं अजून काही ओतायचं नाही, सरळ बाहेर मोकळ्या हवेत जायचं. छाती आवळल्यासारखी वाटली तर लगेच डॉक्टर, कारण कधीकधी त्रास काही तासांनी वाढतो. आणि एका वेळी एकच बाटली, दुसरी वापरायचीच तर पहिली भरपूर पाण्यानं पूर्ण जाऊ दे, खरं तर त्या दिवशी राहूच दे.

मग फोनवरच कपाट उघडलं. काच पुसायचं लिक्विड? काहींत अमोनिया असतो, ब्लीचबरोबर क्लोरामाइन, तोही विषारीच. ड्रेन क्लीनर? त्यात कॉस्टिक सोडा, ॲसिडवर पडला की इतका तापतो की उसळून तोंडावर येतो.

बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "हे सगळं केमिकलचं झालं, मी आपलं ब्लीचमध्ये व्हिनेगर घालते, ते तर घरचं आहे."

मावशी, तेपण ॲसिडच!

"आणि लिंबू?"