गरोदरपणात क्षयाची औषधे : एका फॉरवर्डचा खुलासा

“टीबीच्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला अपंगत्व येतं. बाळंतपणापर्यंत गोळ्या बंद ठेवा, नंतर अंगावर पाजू नका.”

हे चूक आहे. नेहमीच्या चारही गोळ्या, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, गरोदरपणात चालतात. भीती आहे ती स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनची. त्याने बाळाचे कान जाऊ शकतात, म्हणून ते देत नाहीत. खरा धोका गोळ्या सोडण्यात आहे. आजार वाढतो, बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होऊ शकते.

समजा, हडपसरच्या एका बाईला पाचव्या महिन्यात निदान झाले, वजन 48 किलो. महापालिकेच्या दवाखान्यातून तिला रोज 3 एकत्रित गोळ्या फुकट मिळतील, सोबत बी-6. वजन 50 किंवा त्याहून जास्त झाले की गोळ्या 4 होतात. हे विसरले जाते, म्हणून दर खेपेला वजन करायला सांगा. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाळंतपणाच्या वेळी उपचार चालू असल्याचे आधीच सांगा, म्हणजे बाळाला जन्मताच व्हिटॅमिन के देतील. दुधातून क्षय जात नाही, खोकल्यातून जातो. थुंकीत जंतू असतील तर मास्क लावून पाजा. दुधात उतरणारे औषध बाळाला पुरत नाही, म्हणून बाळाला क्षय नाही ना हे तपासून डॉक्टर सहा महिने आयसोनियाझिड देतात, किलोमागे 10 मिलिग्रॅम: तीन किलोच्या बाळाला 30, आणि वजनाबरोबर वाढते.