मॅक २ च्या वेजवर दाब साडेचार पट होत नाही

«सुपरसॉनिक वेज, पाच मिनिटांत! (१) शॉकचा कोन म्हणजेच मॅक कोन, sin μ = 1/M. वेजच्या कोनाशी त्याचा संबंध नाही. (२) शॉक ओलांडला की प्रवाह नेहमी सबसॉनिक होतो. (३) दाब किती वाढला ते नॉर्मल शॉकच्या तक्त्यात सरळ M घालून वाचा. M = 2 ला उत्तर 4.5 पट. (४) वेज कितीही जाड असो, शॉक टोकाला चिकटलेलाच असतो. सेव्ह करून ठेवा, मित्रांना पाठवा.»

मित्रांनी पाठवलं, आणि फिरत फिरत या पोस्टमधलं ज्ञान माझ्या भाचीपर्यंत आलं. ती एरोस्पेसच्या परीक्षेला बसते आहे आणि तिनं ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. म्हणून हे लिहितो आहे.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वात जास्त नुकसान तो करतो. M म्हणजे मॅक, प्रवाहाचा वेग भागिले ध्वनीचा वेग. ध्वनीपेक्षा वेगानं येणारी हवा वेजला, म्हणजे पाचरीसारख्या वस्तूला, भिडते तेव्हा जिथे दाब एकदम उसळतो तो पातळ पडदा म्हणजे शॉक. प्रवाहाला काटकोनात असला तर तो नॉर्मल, नाहीतर तिरपा. शॉक तिरपा असतो तेव्हा येणाऱ्या वेगाचे दोन भाग पडतात: एक शॉकला काटकोनात, दुसरा शॉकच्या रेषेला समांतर. शॉकच्या रेषेवर कुठेही उभे राहा, दाब तोच असतो. म्हणजे त्या दिशेनं हवेला ढकलणारं बलच नाही. बल नाही, तर समांतर वेग बदलणार कशानं? तो शॉकच्या आधी जेवढा, तेवढाच नंतर. दाबला जातो, मंदावतो, तापतो तो फक्त काटकोनातला भाग. नॉर्मल शॉकचा तक्ता वापरायला माझी हरकत नाही, पण त्यात घालायचा आकडा M नव्हे, M sin β आहे. β म्हणजे शॉकचा कोन. पोस्टमध्ये हा sin β गळला, आणि तिरप्या शॉकचं सगळं गणित त्याच्यातच आहे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. M = 2, वेजचा पृष्ठभाग प्रवाहाशी १० अंशांचा कोन करतो, हवा साधी, म्हणजे विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर γ = 1.4. वेजवर पोचलेली हवा पृष्ठभागाला समांतरच वाहू शकते, म्हणून ती १० अंश वळलीच पाहिजे. हे वळण θ. शॉकचा कोन या नात्यातून निघतो:

```
tan θ = 2 cot β (M² sin² β − 1) / (M² (γ + cos 2β) + 2)
```

β सरळ सुटत नाही, अंदाज घालून पाहावा लागतो. त्यात अवघड काही नाही. β = ३९ अंश घातला तर θ ९.७ येतो, ४० घातला तर १०.६. आपल्याला १० हवा, म्हणजे β साधारण ३९.३ अंश. हेच उत्तर नासाच्या आधीच्या अमेरिकी संस्थेच्या, एन.ए.सी.ए.च्या, १९५३ सालच्या ११३५ क्रमांकाच्या अहवालातल्या आलेखावरून वाचता येतं. सत्तर वर्षांहून जुना, सर्वांना मोफत उपलब्ध असलेला हा दस्तऐवज आहे. पोस्ट लिहिणाऱ्यानं तो एकदा उघडला असता तरी पुरे होतं.

पुढचं झटपट होतं. M sin β = १.२६७. नॉर्मल शॉकच्या तक्त्यात हा आकडा घातला की दाबाचं गुणोत्तर १.७१, घनतेचं १.४६ आणि तापमानाचं १.१७ मिळतं. पोस्टप्रमाणे दाब ४.५ पट. हा फरक कागदापुरता नाही. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब २२.६ किलोपास्कल असतो. वेजवर तो खरा ३८.६ होतो, पोस्टच्या हिशेबानं जवळपास १०२, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या दाबापेक्षाही किंचित जास्त! दाबातली वाढ १६ च्या जागी ७९ किलोपास्कल धरून कुणी पृष्ठभागावरचा भार काढला, तर तो पाचपट चुकेल.

शिवाय या मुद्द्याचं पहिल्याशीच जमत नाही. शॉकचा कोन खरंच मॅक कोन असेल, म्हणजे M = 2 ला ३० अंश, तर M sin β बरोबर १ येतो. त्या आकड्याला दाब वाढतच नाही आणि प्रवाह वळतही नाही. हवा सरळ वेजच्या आत घुसेल! मॅक कोन ही तिरप्या शॉकची खालची मर्यादा आहे. वेज अगदी बारीक होत गेला की β त्याच्या जवळ सरकतो, एवढंच त्यात खरं. १० अंशांच्या वेजवर शॉक नऊ अंशांनी जास्त उभा असतो, आणि वातबोगद्यातल्या, हवेच्या घनतेतले फरक दाखवणाऱ्या श्लीरन छायाचित्रावर कोनमापक ठेवला तरी ते दिसतं.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. शॉकला काटकोनात असलेला वेग मागच्या बाजूला नेहमीच सबसॉनिक असतो. आपल्या उदाहरणात त्याचा मॅक ०.८०. पण हवा काही फक्त त्या दिशेनं वाहत नाही. ०.८० ला sin(β − θ) नं, म्हणजे २९.३ अंशांच्या साइननं भागलं की शॉकमागचा मॅक मिळतो: १.६४. ठणठणीत सुपरसॉनिक. त्याच समीकरणाला ८४ अंशांच्या आसपास दुसरं उत्तरही आहे, त्याला स्ट्राँग शॉक म्हणतात, आणि त्याच्यामागे प्रवाह खरंच सबसॉनिक होतो. मोकळ्या हवेतल्या वेजवर मात्र दिसतो तो कमी कोनाचा, वीक शॉकच. स्ट्राँगसाठी मागून दाब चढवावा लागतो. वीक शॉकमागेही सबसॉनिक प्रवाह मिळतो, पण M = 2 ला त्यासाठी वळण २२.७ ते २३ अंशांच्या चिंचोळ्या पट्टीत हवं.

वेगाचंही पाहू, कारण मॅक आणि वेग एकच समजण्याची चूक इथे हटकून होते. अकरा किलोमीटरवर ध्वनीचा वेग सेकंदाला २९५ मीटर, म्हणून येणारा प्रवाह ५९०. त्याचा समांतर भाग ४५६, तो तसाच राहतो. काटकोनातला ३७४ होता, त्याला घनतेच्या गुणोत्तरानं भागलं की २५६. दोन्ही मिळून शॉकमागचा वेग ५२४. मॅक १८ टक्के उतरला, वेग फक्त ११ टक्के, कारण हवा उणे ५६ वरून उणे २० सेल्सियसपर्यंत तापली आणि तिच्यातला ध्वनीचा वेगही वाढला. उत्तर तपासायचं असेल तर २५६ भागिले ४५६ चा कोन काढा: २९.३ अंश, म्हणजे बरोबर β − θ. तो जुळला नाही तर वर कुठेतरी चूक आहे.

पोस्टचं गणित खरं असतं तर कॉनकॉर्डच्या इंजिनांपुढे हलते रॅम्प बसवायला कारणच उरलं नसतं. मॅक २ ला एकच नॉर्मल शॉक प्रवाहाच्या एकूण दाबातला, म्हणजे प्रवाह काहीही वाया न घालवता थांबवला तर मिळेल त्या दाबातला, २८ टक्के भाग वाया घालवतो, आपला दहा अंशांचा तिरपा शॉक दीड टक्का. म्हणून आधी तिरप्या शॉकांनी हवा टप्प्याटप्प्यानं मंद करायची आणि नॉर्मल शॉक शेवटी, कमी मॅकवर घ्यायचा.

चौथ्यावर फार वेळ घालवत नाही. M = 2 ला २३ अंशांपेक्षा जास्त वळण दिलं तर वरच्या समीकरणाला उत्तरच नसतं. शॉक टोक सोडून पुढे सरकतो आणि धनुष्यासारखा वाकतो. मग यातलं एकही सूत्र संपूर्ण शॉकला एकदम लावता येत नाही.

आणि भाचीच्या वहीत आणखी एक गोष्ट दिसली, ती पोस्टमध्ये नव्हती. गणितात «२० अंशांचा सममित वेज, प्रवाहाच्या रेषेत» असं दिलं होतं आणि तिनं θ = २० घेतला. वीस हा दोन्ही पृष्ठभागांमधला पूर्ण कोन असेल तर प्रत्येक बाजूला प्रवाह दहाच अंश वळतो. M = 2 ला वीस घेतलं तर β ५३.४ आणि दाब २.८४ पट येतो, दहा घेतलं तर १.७१. आकृतीत कोन कुठून कुठे मोजला आहे ते आधी पाहायचं, मग समीकरणाला हात लावायचा.