मागच्या कव्हरवरचं ८१, ९३ आणि शून्य

"पुस्तक घेण्याआधी मागचा बारकोड बघा! ९७८ म्हणजे भारत. त्याच्यापुढं ८१ असेल तर पुस्तक भारतीय भाषेतलं आणि इथंच छापलेलं. ० किंवा १ असेल तर इंग्लंड-अमेरिकेत छापलेलं. ९३ दिसलं की डुप्लिकेट समजा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवर हा मेसेज तिघांनी टाकला. चौथे एक सभासद काका. ते भर उन्हात बिंदू चौकापासून चालत आले आणि दोन पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, ९३ हाय बघा. पैसे पाण्यात घातलासा की ओ." कोल्हापुरात वाचनालय चालवायचं तर असा हिशोब द्यावाच लागतो. काकांना चहा सांगितला आणि जे बोलले ते इथं लिहिते.

९७८ बद्दल

हा आकडा कोणत्याच देशाचा नाही. गैरसमज कुठून आला असावा ते मात्र कळतं. दुकानातल्या बहुतेक वस्तूंच्या बारकोडचे पहिले तीन आकडे त्या कंपनीनं बारकोडची नोंदणी कोणत्या देशाच्या संस्थेकडं केली ते सांगतात. भारतातल्या संस्थेचा आकडा ८९० आहे. राजारामपुरीत शंभर पानी वही घेतली, तर तिच्यावर बहुधा ८९० दिसेल.

पुस्तकांची अडचण अशी होती की त्यांना आधीपासून स्वतःचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तक ओळखायचा आंतरराष्ट्रीय नंबर, होता. तो तसाच बारकोडमध्ये बसवायचा, तर पुढं कोणत्या देशाचा आकडा लावणार? म्हणून पुस्तकांसाठी एक काल्पनिक देशच तयार केला. त्याचं नाव 'बुकलंड' आणि त्याचा आकडा ९७८. टोकियोत निघालेल्या कादंबरीवर ९७८ असतं आणि आपल्या महाद्वार रोडवरच्या एखाद्या प्रकाशकाच्या पुस्तकावरही ९७८च असतं. पुढं जागा कमी पडायला लागली म्हणून ९७९ही जोडीला घेतला.

१ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला. त्याआधी तो दहाच आकडी होता आणि त्यात ९७८ नव्हतंच. म्हणून १९९०च्या दशकातल्या आपल्या पुस्तकांवर नंबर थेट ८१ पासून सुरू होतो.

८१ बद्दल, आणि शून्याबद्दल

मेसेजमध्ये खरं म्हणावं असं इथंच थोडं आहे. ९७८ झाकून त्याच्या पुढचा भाग बघितला तर गट कळतो, आणि ८१ हा भारताचाच गट आहे. पण हा गट पुस्तकाचा नसतो, प्रकाशकाच्या नोंदणीचा असतो. पुस्तक कोणत्या भाषेत आहे, लेखक कुठला, छपाई कुठं झाली, यातलं काहीही त्या आकड्यात नोंदलेलं नाही.

याची सगळ्यात चांगली दोन उदाहरणं आमच्याच कपाटांत सापडली. पेंग्विनची भारतातली पुस्तकं बघा. दिल्लीत संपादित, भारतात छापलेली, भारतीय लेखकांची पुस्तकं, आणि नंबर ९७८-०-१४ असा. शून्य हा इंग्रजी भाषक गटाचा आकडा आणि १४ हा पेंग्विनचा. गंमत म्हणजे त्यांच्या हिंदी पुस्तकांवरही हाच ०-१४ दिसतो. म्हणजे देवनागरीतलं पुस्तक आणि गट इंग्रजी!

आता उलटं उदाहरण. इंजिनिअरिंगच्या पोरांना लागणारी जाडजूड अमेरिकन पाठ्यपुस्तकं. त्यांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या इथल्या शाखा काढतात, म्हणून विली इंडियाच्या पुस्तकावर ८१-२६५ आणि पिअर्सनच्या भारतीय शाखेच्या पुस्तकावर ८१-३१७ असतं. लेखक अमेरिकन, भाषा इंग्रजी आणि गट भारताचा. मेसेज खरा मानला तर हिंदी पुस्तक विलायती ठरतं आणि थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक भारतीय भाषेतलं.

मग काही गट भाषेचे आणि काही देशाचे, असं का? कारण ही व्यवस्था नकाशा बघून आखलेली नाही. पुस्तकांचा बाजार जसा चालतो आणि नंबर देणारी संस्था जिथं जशी उभी राहते, तसे गट पडत गेले. २ हा फ्रेंच गट. फ्रान्सबरोबर बेल्जियमचा फ्रेंच भाग आणि कॅनडातलं क्वेबेकही त्यात येतं. ३ हा जर्मन गट, त्यात ऑस्ट्रिया येतो. एवढासा स्वित्झर्लंड तीन गटांत विभागलेला आहे: फ्रेंच प्रकाशक २ मध्ये, जर्मन ३ मध्ये आणि इटालियन ८८ मध्ये. स्पॅनिशला मात्र असा एक गट मिळालाच नाही. स्पेनचा ८४, अर्जेंटिनाचा ९५०, मेक्सिकोचा ९६८, प्रत्येकाचं दुकान वेगळं.

भारतात झालं ते स्वित्झर्लंडच्या बरोबर उलट. आपल्याकडं १९८५ पासून हे नंबर दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते, तेही फुकट, आणि सगळ्या भाषांना मिळून देते. त्यामुळं धारवाडचं कन्नड पुस्तक, मडगावचं कोंकणी, बेळगावात निघालेलं मराठी आणि कोल्हापुरातलं मराठी या सगळ्यांवर ८१ किंवा ९३च येणार. सीमाभागातला वाद या आकड्यावरून तरी कुणाला सोडवता यायचा नाही.

९३ बद्दल

काकांना याचीच जास्त काळजी होती. ९३ हाही भारताचाच गट, ८१ नंतर मिळालेला. कारण जागेचं आहे, आणि ते नीट समजलं की भीती जाते.

नंबरची लांबी ठरलेली आहे. तेरा आकड्यांतले ९७८ चे तीन गेले, शेवटचा एक तपासणीचा. उरलेल्या नऊ आकड्यांत गट, प्रकाशक आणि पुस्तक असं तिघांना बसवायचं असतं. गटाचा आकडा जेवढा लांब, तेवढी मागची जागा कमी. इंग्रजीच्या शून्याला एकच आकडा लागतो, मागं आठ उरतात, म्हणजे दहा कोटी नंबर. आपल्या ८१ मागं सात उरतात, म्हणजे एक कोटी. भूतानचा गट ९९९३६, त्याच्यामागं चारच उरतात, म्हणजे फक्त दहा हजार. जिथं पुस्तकं जास्त निघतात त्याला आखूड आकडा, असा हा व्यवहार.

आता एक कोटी नंबर संपायला भारतात ८१ खाली एक कोटी पुस्तकं निघाली का? नाही. नंबर सुटे मिळत नाहीत, गठ्ठ्यानं मिळतात. मोठ्या प्रकाशकाचा आकडा दोनच अंकी असला तर त्याच्या नावावर एक लाख नंबर लागतात. स्वतःचे दोनच कवितासंग्रह काढणाऱ्या कवीला सहा अंकी आकडा देतात, त्यात दहा नंबर असतात आणि आठ कायमचे पडून राहतात. लग्नात पंगतीला पत्रावळी आधीच मांडून ठेवल्यावर काही रिकाम्या राहतात, तसंच. पत्रावळी पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणून दुसरी पंगत मांडली. तिचं नाव ९३. ब्राझीलला ८५ पुरला नाही म्हणून ६५ मिळाला, नेदरलँड्सला ९० नंतर ९४, इंग्रजीला शून्यानंतर १. त्यांना कुणी डुप्लिकेट म्हणत नाही.

काकांसमोर मी पुण्याच्या एकाच प्रकाशकाची दोन पुस्तकं ठेवली. जुन्यावर ८१, नव्यावर ९३. पहिला गठ्ठा संपला आणि पुढचा नव्या गटातून मिळाला, एवढाच फरक.

बारकोडखाली आडव्या रेघा नसतात, तेव्हा गट कुठं संपतो हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपल्यापुरतं एवढं पुरेल: ९७८ नंतर ८ आला तर गट नेहमी दोन अंकी. ९० ते ९४ असेल तरी दोन अंकी. ९५ ते ९८ असेल तर तीन अंकी: ९५५ श्रीलंका, ९६९ पाकिस्तान, ९८४ बांगलादेश. ९९ नं सुरू झालं तर चार किंवा पाच अंकी, जसं नेपाळचं ९९३७. गट असे निवडले आहेत की एक दुसऱ्याची सुरुवात होत नाही. म्हणून ९७८९३८१ असं सलग छापलेलं असलं तरी ते '९३८' असं वाचता येत नाही, ९३ वर थांबावंच लागतं.

डुप्लिकेट ओळखण्याबद्दल

फुटपाथवर मिळणारी चोरटी प्रत मूळ पुस्तक स्कॅन करून छापतात. त्यामुळं नंबरही जसाच्या तसा उतरतो, गटासकट. चोराला नवा नंबर घ्यायची गरजच नसते. पातळ कागद, शाई फुटलेली अक्षरं, पानांचा उखडणारा गोंद यांवरून काही कळेल, आकड्यावरून नाही. छपाई कुठं झाली हे बघायचं असेल तर शीर्षकपान उलटा. प्रकाशक आणि मुद्रक यांची नावं तिथं वेगवेगळी दिलेली असतात.

शेवटचा आकडा एवढंच सांगतो की नंबर लिहिताना चूक झाली का. तेही काकांना करून दाखवलं. समजा नंबर ९७८-८१-९२३४५६-७-३ आहे. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचं आणि बेरीज करायची:

```
9+21+8+24+1+27+2+9+4+15+6+21 = 147
147 + 3 = 150
```

शेवटचा ३ मिळवल्यावर बेरीज दहाच्या पटीत आली, म्हणजे नंबर बरोबर. याच पुस्तकाची २००७ पूर्वीची प्रत असेल तर तिच्यावर ८१-९२३४५६-७-X असेल. शेपूट वेगळं, कारण दहा आकडी नंबरची तपासणी अकराच्या हिशोबानं व्हायची आणि बाकी दहा आली की X लिहायचे. मधला भाग एकच, पुस्तकही एकच. यावरून जुन्या बाजारातली प्रत खोटी ठरवणारेही मी पाहिलेत.

काकांनी चहाच्या बिलामागं स्वतःच्या एका पुस्तकाचा नंबर मांडला. पहिल्यांदा बेरीज चुकली आणि ते माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघायला लागले. दुसऱ्यांदा बरोबर आली. मग दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून म्हणाले, "तारीख वाढवून द्या तेवढी."