चाणक्य व्हा, एका शनिवारात

तर मित्रहो, तुम्हालाही युद्धनीती शिकायची असेल तर एखाद्या सुट्टीच्या शनिवारी आमच्या ऑफिसात या. समोरच्या कंपनीनं भाव पाडले म्हणून साहेबांनी 'युद्ध' पुकारलं, आणि ते जिंकावं कसं हे सांगायला कोट घातलेले एक गुरू बोलावले. गुरूंनी सकाळी प्राचीन चीनचा युद्धशास्त्री सुन त्झू सांगितला, जेवणानंतर चाणक्य सांगितला आणि चहाच्या आधी आम्हा सगळ्यांना मुठी वळून गर्जना करायला लावली. एवढ्या ज्ञानानंतर ते वाटणं माझं कर्तव्यच ठरतं. म्हणून हा सल्ला, फुकट.

पहिली गोष्ट, पुस्तक उघडू नका. सुन त्झूची सगळी मिळून तेरा लहान प्रकरणं आहेत, एका दुपारी वाचून होतील, आणि तिथेच धोका आहे. कौटिल्याचं अर्थशास्त्र पंधरा अधिकरणांचं, त्यामुळे तिथे तुम्ही आपोआप सुरक्षित. 1909 साली शामशास्त्रींनी ते छापून आणलं, पुढे मुंबई विद्यापीठासाठी कंगल्यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एवढ्या विद्वानांनी डोळे फोडून घेतले आहेत ना? मग तुम्ही कशाला फोडता? सूर्यास्त, सिंह आणि खाली 'चाणक्य म्हणतात' असं चित्र सकाळी सहा वाजता येतंच की ग्रुपवर.

दुसरी गोष्ट, शत्रूची माहिती काढण्यावर एक छदाम खर्च करू नका. सुन त्झूचा या बाबतीतला हिशेब अगदी वाण्यासारखा आहे. तो म्हणतो, लाखाची फौज बाहेर काढली की रोजचं हजार सुवर्णांचं खर्चाचं भगदाड पडतं आणि सात लाख घरांची शेतीची कामं अडतात. वर्षानुवर्षं समोरासमोर बसायचं, निकाल लागणार एका दिवसात, आणि तरी हेरांना शंभर सुवर्ण द्यायला हात आखडायचा. असं करणाऱ्याला तो निर्दय म्हणतो. कंजूष नव्हे, निर्दय! कारण त्या कंजुषीची किंमत दुसऱ्यांच्या पोरांना मोजावी लागते. पुढे तो सांगतो की शत्रूची आगाऊ बातमी देवाला कौल लावून मिळत नाही, जुन्या प्रसंगांशी ताडून मिळत नाही, ग्रहताऱ्यांच्या गणितातूनही मिळत नाही. शत्रूची स्थिती ज्याला ठाऊक आहे अशा माणसाकडूनच ती मिळते.

आमच्याकडे असा माणूस आहे. रोज चाळीस दुकानं फिरतो. समोरच्या कंपनीचा माल कुठे पडून आहे, कुठल्या दुकानदाराला किती उधारी दिलीय, त्यांचा कुठला विक्रेता नोकरी शोधतोय, हे त्याला तोंडपाठ आहे. शिबिराच्या दिवशी तो मागच्या रांगेत बसला होता. त्याला एका शब्दानं कुणी विचारलं नाही. त्याचा पेट्रोल भत्ता मात्र गेल्या तिमाहीत निम्मा झाला. गुरूंचं मानधन किती, हे सांगत नाही, मला अजून नोकरी आहे.

तिसरी गोष्ट, बातमी एकाच तोंडून ऐका आणि ती मनासारखी असेल तर लगेच खरी माना. कौटिल्याचा नियम याच्या नेमका उलट आहे. संन्यासी, व्यापारी, शेतकरी, विद्यार्थी अशा वेषांतले हेर पेरायचे, त्यांना एकमेकांची ओळख लागू द्यायची नाही, आणि तिघांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवायचा. ज्याच्या बातम्या वारंवार जुळत नाहीत, त्याचा गुपचूप काटा काढायचा. फार वेळखाऊ काम. आमच्याकडे तीन माणसांचं म्हणणं जुळतं, पण साहेब काय बोलले ते तिघांनीही आधी ऐकलेलं असतं म्हणून.

चौथी गोष्ट, वेढलेल्या शत्रूला पळायला वाट ठेवू नका. सुन त्झू ठेवा म्हणतो, पण तो काय, जिंकायला बसला होता.

पाचवी गोष्ट मनोबलाची. इथे सुन त्झूची खरी कमाल आहे, कारण तो शत्रूच्या छातीत डोकावत नाही, छावणीकडे बघतो. सैनिक हत्याराला टेकून उभे असतील तर भुकेले आहेत. पाणी भरायला गेलेला आधी स्वतःच घटाघटा पितो, म्हणजे सगळी फौज तहानलेली. छावणीवर पाखरं उतरली, म्हणजे आत कुणी नाही. रात्री आरडाओरडा चाललाय, म्हणजे भीती शिरलीय. दूत नरम बोलतोय आणि मागे तयारी वाढतेय, म्हणजे चाल करून येणार. दूत डरकाळ्या फोडतोय आणि फौज पुढे सरकल्यासारखं करतेय, म्हणजे माघारीची तयारी. माणसं घोळक्याघोळक्यानं कुजबुजत असतील तर सेनापतीवरून त्यांचं मन उडालंय. सारखी बक्षिसं वाटली जात असतील तर सेनापती अडचणीत आहे, आणि सारख्या शिक्षा होत असतील तर तो टेकीला आलाय.

आता तुम्ही काय करायचं? ही यादी शत्रूसाठी आहे असं समजायचं. स्वतःच्या छावणीला लावायची नाही. आमच्याकडे दर सोमवारी 'सप्ताहाचा तारा' निवडतात आणि दर शुक्रवारी कुणाला तरी कारणे दाखवा नोटीस मिळते. चहाच्या टपरीवर घोळके असतात आणि कुणी आलं की गप्प होतात. पण मनोबल उत्तम आहे, गूगल फॉर्म भरून घेतलाय ना! नाव टाकणं बंधनकारक होतं.

सहावी गोष्ट, आणि ही नीट ऐका. शत्रू भित्रा आहे असं आधी ठरवून टाका, मग पुरावा शोधा. याचे आद्य आचार्य चीनमधल्या वेई राज्याचे सेनापती पांग जुआन. इसवी सनापूर्वी 341 च्या सुमाराची गोष्ट, सिमा छ्येन या इतिहासकारानं लिहून ठेवलेली. समोर छी राज्याची फौज, आणि तिचा सल्लागार सुन बिन. हा सुन त्झूचा वंशज मानला जातो. एकेकाळी दोघे एकाच गुरूकडे शिकले. पुढे पांग जुआननं मत्सरापोटी खोट्या आरोपात अडकवून त्याला पायानं अधू करवलं. म्हणजे ओळख जुनी आणि पक्की.

सुन बिननं काय केलं? वेईच्या मुलखात शिरल्यावर पहिल्या दिवशी एक लाख चुली मांडायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पन्नास हजार. तिसऱ्या दिवशी तीस हजार. मागून येणाऱ्या पांग जुआननं चुली मोजल्या. हे लक्षात घ्या, त्यानं मोजल्या! तो आपल्या साहेबांसारखा नुसता गर्जना करत नव्हता, खुणा वाचत होता. आणि वाचून आनंदानं म्हणाला, छीचे लोक भित्रे हे मला माहीतच होतं, आमच्या हद्दीत येऊन तीन दिवस झाले नाहीत तर निम्म्याहून जास्त पळाले. मग पायदळ मागे टाकून, निवडक हलकी फौज घेऊन, दोन दिवसांची वाट एका दिवसात तोडत तो धावला.

सुन बिननं तो संध्याकाळी कुठे पोचेल याचं गणित आधीच मांडलं होतं. मालिंगची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दडायला जागा. एका मोठ्या झाडाची साल सोलून पांढऱ्या लाकडावर लिहिलं, 'पांग जुआन या झाडाखाली मरेल.' दुतर्फा दहा हजार धनुर्धारी बसवले आणि एकच हुकूम दिला, उजेड दिसला की सोडा. पांग जुआन अंधारात आला, लाकडावर काहीतरी लिहिलंय म्हणून उजेड करायला लावला, आणि पुरतं वाचून होण्याआधी बाण सुटले. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण चुलींचं गणित काही केल्या डोक्यातून जात नाही.

सुन बिनला नुसतं शत्रू किती आहेत एवढंच माहीत होतं असं नाही. शत्रू आपल्याला काय समजतो हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं तेच पुरवलं. पांग जुआनकडे खूण एकच होती, तीही शत्रूनं स्वतः मांडलेली. वाटेत पळपुटे सापडले का? टाकून दिलेली हत्यारं दिसली का? अर्धी फौज पळाली तर ती गेली कुठे, आसपासच्या गावात कुणी पाहिली का? एवढं विचारायला एक दिवस पुरला असता. पण विचारायचं कशाला, ते भित्रे हे माहीतच होतं ना! आमच्याकडेही माहीतच आहे. समोरच्यांनी दोन दुकानांतून माल काढून घेतला म्हणून 'ते पळताहेत' असा जल्लोष झाला, केक कापला गेला. मागच्या रांगेतला माणूस हळूच म्हणाला, 'काढला नाही साहेब, त्यांचं नवीन गोदाम झालंय, तिकडे हलवलाय.' त्याला नकारात्मक विचारांवर दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागलं. दहा मिनिटं! सगळ्यांसमोर! आणि त्या गुरूनं मान डोलावली. अरे, तू सकाळी सुन त्झूच सांगत होतास ना?

सातवी गोष्ट, वेळ मुहूर्तावर ठरवा. आमचा भावयुद्धाचा नारळ दसऱ्याला फुटला, सीमोल्लंघन म्हणून. दसऱ्यामागे हिशेब होता हो. पाऊस सरतो, नद्यांना उतार पडतो, म्हणून मराठ्यांच्या मोहिमा त्या सुमारास निघत. कौटिल्यही लांबच्या मोहिमेला मार्गशीर्ष सांगतो, पण कारण देऊन: शत्रूचं जुनं धान्य संपत आलेलं असतं, नवं कोठारात आलेलं नसतं, किल्ल्याची डागडुजी झालेली नसते. दिवसा कावळा घुबडाला मारतो आणि रात्री घुबड कावळ्याला, हा काळाचा दाखला तो देतो, पण नुसत्या काळावर भागत नाही, बळ, जागा आणि वेळ एकमेकांना धरून असतात असं बजावतो. आणि मुहूर्तवाल्यांना त्याची चपराक अशी: नक्षत्रांना फार विचारत बसणाऱ्या मूर्खाच्या हातून कार्य निसटून जातं, कार्याचं नक्षत्र कार्यच, तारे काय करणार? दसऱ्याला समोरच्यांची गोदामं दिवाळीच्या मालानं ठासून भरलेली होती. आमचा माल ट्रकमध्ये होता.

आता पुरे झाला उपदेश. अहो साहेब, ज्या चाणक्याची तसबीर तुम्ही केबिनमध्ये लावलीय, त्यानं लिहिलंय की तह आणि युद्ध यांत लाभ सारखाच असेल तर तह करा, कारण युद्धात माणसं जातात, पैसा जातो, घरदार सुटतं आणि पाप लागतं. ज्या सुन त्झूच्या नावानं आमचा शनिवार खाल्लात, तो जिंकणाऱ्याच्या लक्षणांत पहिलं हेच सांगतो की लढावं कधी आणि लढू नये कधी हे त्याला कळतं. तुम्ही यातलं एक पान वाचलेलं नाही. तुम्हाला गर्जना करायची होती, म्हणून गर्जना विकणारा माणूस आणलात. आणि तुम्ही, गुरुजी, लाज वाटू द्या थोडी. लोकांची माणसं मरू नयेत म्हणून कुणीतरी धूळ, पाखरं, चुली बघून लिहिलेली ही पुस्तकं, त्यांचा तुम्ही स्टेजवरचा भोंगा केलात. भाव पाडून झाले, तोटा झाला, दिवाळीचा बोनस निम्म्यावर आला. तो मागच्या रांगेतला माणूस पुढच्या महिन्यापासून समोरच्या कंपनीत रुजू होतोय. त्यांनी त्याला मुलाखतीत फक्त एकच विचारलं म्हणे, तुमच्याकडे चाललंय काय?