ते २३ कागद रद्दीत टाकू नका

"सर, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायची तुमची पोस्ट वाचून पुस्तकाची ३२ ते ७७ पानं काढली, आधी ऑड मग इव्हन, Reverse pages वर टिकपण केलं. दोन्ही वेळेस २३-२३ कागद, हिशोब बरोबर, तरी ३३ च्या पाठीवर ३२ छापलं! सगळे कागद वाया. स्वतः करून न पाहता लिहिता का?"

दादा, करून पाहिलंय हो, पण माझी रेंज १ पासून होती म्हणून ही गोष्ट मला दिसलीच नाही, आणि पोस्टमध्ये लिहायची राहिली ती चूक माझीच.

काहून असं झालं ते सांगतो. तुमची रेंज समवर सुरू झाली. ऑडमध्ये ३३ ते ७७ आले, इव्हनमध्ये ३२ ते ७६, दोन्ही २३ च, म्हणून कागद बरोबर पुरले आणि शंका आली नाही. ट्रेमध्ये सगळ्यात वर ७७ चा कागद होता, Reverse मुळे पहिलं पान ७६ आलं, ते बसलं ७७ च्या पाठीवर, आणि तसंच एकेक करत शेवटी ३३ च्या मागे ३२.

आता गठ्ठा पालथा करा, वर ७६ येईल, मग वरून एकेक कागद न उलटवता तसाच उचलून दुसरा गठ्ठा लावा, शेवटी ३२ वर येईल, अन् पहा बरं. ३२, मागे ३३, मग ३४, मागे ३५... थेट ७७ पर्यंत सरळ वाचता येतं ना? एकही पान गेलं नाही, फक्त उजव्या हाताला सम पानं आली. स्टेपल मारून वाचायचं असेल तर असंच चालू द्या. स्पायरल करायचं असेल तर मात्र आधी मार्जिन बघा, कारण पुस्तकाच्या फाइलमध्ये कधी कधी बाइंडिंगच्या बाजूला जागा जास्त सोडलेली असते, ती आता बाहेरच्या बाजूला जाईल आणि बर्डीवरचा झेरॉक्सवाला भोकं पाडेल ती अक्षरांवर.

पुढच्या वेळेस रेंज विषमवर सुरू करा अन् समवर संपवा, म्हणजे प्रिंट करताना पानांच्या रेंजच्या बॉक्समध्ये हे टाका:

```
31-78
```

दोन्ही फेऱ्यांत २४-२४ येतील, ७७ च्या मागे ७८ जाईल. ३१ नकोच असेल तर ३२ एकटं वेगळ्या कागदावर काढा आणि बाकीचं 33-78. फाइल ७७ लाच संपत असेल तर 31-77 टाका, पण दुसऱ्या फेरीआधी वरचा ७७ चा कागद काढून बाजूला ठेवा, त्याला पाठ नाहीच.

खरे कागद वाया जातात ते Reverse विसरल्यावर, मग ७७ च्या मागे ३२ येतं आणि गठ्ठा कसाही उलटला तरी जुळत नाही. हे सगळं अर्थात छापलेली बाजू खाली पडणाऱ्या आणि ट्रेमधला वरचा कागद आधी ओढणाऱ्या प्रिंटरचं, जसा तुमचा दिसतो. प्रिंटर बदलला तर आधी 1-4 काढून पहा, दोनच कागद लागतात.